तिघांची वेळ कधीच जुळत नाही आणि निर्णय लोंबकळतो: कारण कसं ओळखायचं, घोडं पुढे कसं न्यायचं

लक्षणं बहुतेकांच्या ओळखीची असतील. तीन भावंडांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. कुणीतरी लिहितं, "रविवारी बोलूया का?" एक जण "हो" म्हणतो, दुसरी "मला संध्याकाळी जमेल" म्हणते आणि तिसऱ्याचा निरोप सोमवारी येतो, "अरे, काल ड्युटी होती." मग पुढचा रविवार. मधल्या काळात दोघं फोनवर अर्धा तास बोलतात, बोलणं चांगलं होतं आणि शेवटी ठरतं काय, तर "तिघं असताना एकदा बोलू." दोन महिन्यांनी विषय तिथेच असतो, फक्त आवाज चढलेले असतात.

यावर सगळे सुचवतात तो उपाय म्हणजे सगळ्यांची कॅलेंडरं शेअर करा, पोल टाका, वेळ ठरवा. तो चालतो, पण मोकळी वेळ मुळात असेल आणि फक्त सापडत नसेल तरच. तीन माणसांच्या मोकळ्या वेळा एकमेकींवर येतच नसतील, तर ती शोधायला कितीही चांगलं साधन आणलं तरी नसलेली वेळ सापडणार नाही.

एक घर धरून चालू. राजापूरच्या बाजूला जुनं कौलारू घर आहे आणि मालकी तीन भावंडांची. ताई रत्नागिरीत शिक्षिका आहे. शाळा साडेदहा ते पाच, मग साडेआठपर्यंत शिकवण्या. तिला निवांत वेळ रात्री नऊ ते दहा. दादा चाकणला कारखान्यात आहे आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते: पहिली, दुसरी, रात्रपाळी. साप्ताहिक सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी. धाकटी कॅलिफोर्नियात आहे. उन्हाळ्यात तिचं घड्याळ आपल्यामागे साडेबारा तास असतं. म्हणजे ताईचे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिच्याकडे सकाळचे साडेआठ, मुलांना शाळेत सोडून ऑफिस गाठायची घाई. ती रात्री मोकळी होते तेव्हा इथे सकाळचे नऊ झालेले असतात. ताई डबा भरत असते आणि दादा पाळीनुसार कारखान्यात असतो किंवा रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला असतो.

राहिला रविवार सकाळचे नऊ. धाकटीकडे तेव्हा शनिवारची रात्र, साडेआठ. ताई घरी. दादा मात्र दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातच घरी, म्हणजे तीन रविवारांतून एकदा. त्यात एक लग्न, एक परीक्षेची ड्युटी किंवा एक ओव्हरटाइम आला की तोही गेला. तिघांना एकत्र मिळणारा वेळ तीन आठवड्यांत जेमतेम एक तास.

आता जोड्या बघा. ताई आणि दादा रात्री नऊला बोलू शकतात, तीनपैकी दोन आठवडे, शिवाय प्रत्येक गुरुवारी. दादा आणि धाकटी दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी. ताई आणि धाकटी जवळपास दर रविवारी. म्हणजे कोणी ना कोणी दोघं दर आठवड्याला भेटतातच. ढोबळ गणितही हेच सांगतं. प्रत्येक जण तीनपैकी एका वेळी मोकळा असेल आणि त्या वेळांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर तिघं एकत्र मोकळे असण्याची शक्यता २७ मध्ये १. निदान दोघं मोकळे असण्याची २७ मध्ये ७. अडचण माणसं बोलत नाहीत ही नाहीच. दोघांच्या बोलण्याला निर्णयाचं वजन नाही, ही आहे.

आधी खरं कारण तपासा

नियम करण्याआधी एक चाचणी घ्या, कारण "वेळच मिळत नाही" या एका वाक्याआड तीन वेगवेगळी दुखणी असतात. वेळ खरंच नसते, हे एक. नेमकं काय ठरवायचंय ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून कुणी वेळ काढत नाही, हे दुसरं. आणि तिसरं, एकाला निर्णय नकोच असतो आणि वेळेची सबब त्याला सोयीची पडते.

चाचणी साधी आहे. चर्चेचं आमंत्रण देऊ नका, प्रश्न लेखी विचारा. पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि उत्तराची मुदत एवढंच लिहा. "घराचं काय करायचं ते बोलायला हवं" हा प्रश्न नव्हे. "पावसाआधी छपराचं काय करायचं, खालच्या तीनपैकी एक निवडा" हा प्रश्न झाला. दोन-तीन दिवसांत तिघांची उत्तरं आली, तर दुखणं वेळेचं होतं आणि पुढचा उपाय लागू पडेल. "तसं नाही, आधी हे बघायला हवं" अशी उलट विचारणा आली, तर प्रश्न कच्चा होता, तो नीट करून पुन्हा टाका. आणि दोघांनी लिहिलं, पण तिसऱ्याने निळ्या खुणा सोडून काहीच दिलं नाही, हे दोन-तीन वेगवेगळ्या प्रश्नांवर झालं, तर त्या माणसाशी एकट्याने बोलावं लागेल. तिथे नियम कामाचा नाही. बहुतेक वेळा आत पैसा असतो, कधी जुना राग.

नियम

निर्णयाचा नियम चार ओळींचा पुरतो. त्याहून लांब झाला की घरातलं कुणी तो वाचत नाही.

> १. प्रश्न ग्रुपवर लेखी. पर्याय, खर्च, मुदत आणि "ठरलं नाही तर काय होईल" हे त्यातच.
> २. मुदत ७२ तास. दोघांचं मत जुळलं की ठरलं.
> ३. तिसऱ्याला एकदा "थांबा" म्हणता येईल, पण कारण आणि दुसरा पर्याय देऊन. त्याने ४८ तास वाढतील, एकदाच.
> ४. मुदतीत दोन मतं जुळली नाहीत, तर लिहून ठेवलेली पर्यायी सोय आपोआप चालू.

७२ तास का? पाळीत काम करणाऱ्याची एक झोप आणि दूरदेशीच्या माणसाची एक रात्र त्यात बसते. जगभर विखुरलेल्या आणि एकमेकांना क्वचितच भेटणाऱ्या लोकांनी हा आकडा वापरून पाहिलेला आहे. मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत नवी आवृत्ती बाहेर काढण्याआधीचं मतदान सर्वसाधारणपणे निदान ७२ तास उघडं ठेवतात, पृथ्वीच्या कुठल्याही बाजूच्या माणसाला मत देता यावं म्हणून. घरगुती कामाला २४ तास फार कमी. आठवडा दिला की सगळे सातव्या दिवशीच जागे होतात.

मुदत तासांत मोजा, पण लिहिताना घड्याळ आणि तारीख लिहा, दोन्ही ठिकाणची. "मंगळवारपर्यंत" लिहिलंत तर कॅलिफोर्नियाचा मंगळवार आपला बुधवार अर्धाअधिक खातो.

दुसऱ्या ओळीतल्या "दोघांचं मत जुळलं की ठरलं" याला कुंपण हवं. घर विकणं, गहाण टाकणं, वाटणी करणं, थोडक्यात जिथे तिघांच्या सह्या लागतात तिथे हा नियम लावायचाच नाही. दोघांना तिसऱ्याचा हिस्सा विकता येत नाही, ग्रुपवर काहीही ठरलेलं असो. तशा कामाला महिनोन्‌महिने आधी सुरुवात करावी. परदेशातल्या माणसाचं मुखत्यारपत्र करायचं तर वकिलाती आणि स्टँपचे सोपस्कारच वेळ खातात. दुसरं कुंपण पैशाचं. दोघांच्या मताने तिसऱ्याच्या खिशातून जास्तीत जास्त किती काढता येतील तो आकडा आधीच लिहा, समजा माणशी १५,०००. त्यावरचा खर्च तिसऱ्याच्या होकाराशिवाय करायचा असेल, तर जास्तीचा भार त्या दोघांनी उचलायचा. ही ओळ नसेल तर पहिल्याच निर्णयाला नियम मोडतो, आणि तो मोडणाऱ्याला दोष देता येत नाही.

पर्यायी सोय कशी निवडायची

बहुतेक लोक इथे घसरतात. ठरलं नाही तर काय, याचं उत्तर "मग पुन्हा बोलू" असं लिहिलं, तर ती पर्यायी सोय नव्हे. तो आधीचाच आजार झाला.

चांगल्या पर्यायी सोयीत तीन गोष्टी असतात. ती नुकसान थांबवते. ती पुढचा कुठलाही मोठा पर्याय बंद करत नाही. आणि तिला नव्याने कुणाची परवानगी, पैसे किंवा फोन लागत नाही. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी. सोय ठरली आहे, पण सुताराला सांगायचं कुणी आणि पैसे कोण देणार हे ठरलेलं नाही, तर त्या दोन गोष्टींसाठी पुन्हा तिघांची वेळ शोधावी लागते.

आपल्या घराच्या छपराला हे लावून बघू. पर्याय तीन. (अ) नुसती शाकारणी: कौलं काढून साफ करायची, फुटकी बदलायची, गरज पडेल तिथे रिपा घालायच्या. खर्च समजा २५,०००. (ब) वाळवी लागलेले वासे आणि रिपा बदलून तीच मंगलोरी कौलं परत चढवायची, १,४०,०००. (क) सगळं उतरवून लोखंडी सांगाड्यावर पत्रा, २,६०,०००.

पर्यायी सोय म्हणून इथे (अ) घ्यायचा. तो सगळ्यात चांगला आहे म्हणून नव्हे. यंदा शाकारणी केली तरी पुढच्या वर्षी (ब) किंवा (क) करता येतो, आणि पत्रा एकदा घातला की कौलं परत येत नाहीत, म्हणून. खर्च सामाईक खात्यातून. ताईने सुताराला आताच सांगून ठेवायचं, "५ मेपर्यंत माझा वेगळा निरोप आला नाही, तर शाकारणीला या." निरोप आला तर काम बदलतं, न आला तर काम सुरू होतं. तोवर गप्प राहण्यात फायदा असतो, कारण गप्प राहिलं की काहीच घडत नाही. या एका फोननंतर तो फायदा संपतो.

५ मे कुठून आला? उलटं मोजून. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात धरायचा, पण वळवाचे सडे मेअखेरीसही पडतात, म्हणून काम २५ मेपर्यंत आटपायला हवं. मोठं काम करायचं तर दहा दिवस. लाकूड आणायला, माणसं जमवायला आणखी दहा. म्हणजे ५ मे. "थांबा"चे ४८ तास आणि थोडी उसंत धरली की प्रश्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याआधी ग्रुपवर पडायला हवा.

घडतं कसं

शनिवारी, २५ एप्रिलला रात्री दहाला ताई लिहिते:

> छपराचं पावसाआधी काय करायचं? अ: शाकारणी २५ हजार. ब: वासे-रिपा बदलून तीच कौलं, १ लाख ४०. क: पत्रा, २ लाख ६०. तिन्हींचा क्रम लिहा, आवडता आधी. मुदत मंगळवार २८, रात्री १० (भारत), म्हणजे मंगळवार सकाळी ९:३० (कॅलिफोर्निया). दोन मतं जुळली नाहीत तर ५ मेपासून अ. वाचलंत की "वाचलं" लिहा.

हे "वाचलं" मुद्दाम मागितलं आहे. निळ्या खुणांवर विसंबू नका, पाळीत असलेला माणूस स्क्रीन उघडतो आणि विसरतो. २४ तासांत "वाचलं" आलं नाही तर त्याला एक फोन करायचा, तोही मत विचारायला नव्हे, फक्त "ग्रुप बघ" म्हणायला. मुदत त्यासाठी वाढवायची नाही.

क्रम मागण्यालाही कारण आहे. दोन पर्याय असतील आणि तिघंही मत देणार असतील, तर दोन मतं एकीकडे पडणारच, कोंडी होऊच शकत नाही. तीन पर्याय आले की होऊ शकते. इथे नेमकं तेच झालं समजा. ताईचा क्रम अ, ब, क: खर्च कमी आणि पत्रा नकोच, घराचं रूप जाईल. दादाचा ब, क, अ: वासे गेलेत, नुसत्या शाकारणीने काय होणार. धाकटीचा क, अ, ब: एकदाच काय ते करून टाका, नाहीतर यंदा थोडक्यात भागवा, दीड लाखाचं अर्धवट काम नको. तिघंही शहाण्यासारखंच बोलतायत.

आता मोजा. अ आणि ब यांत अ जिंकतो, ताई आणि धाकटीच्या मतांवर. ब आणि क यांत ब, ताई आणि दादाच्या मतांवर. मग क आणि अ? क जिंकतो, दादा आणि धाकटीच्या मतांवर. गोल फिरून तिथेच. हा पेच फ्रान्समधले गणितज्ञ कोंदोर्से यांनी १७८५ सालीच मांडून ठेवला आहे, आणि घरोघरी लोक तो दर वेळी नव्याने शोधून एकमेकांवर हट्टीपणाचा आरोप करतात. तिघं एका खोलीत बसले असते तरी हे सुटलं नसतं. उलट जो आधी "चला, ब आणि क मधलं ठरवून टाकू" म्हणतो, त्याने विचारण्याच्या क्रमानेच निकाल फिरवलेला असतो. म्हणून असं वर्तुळ दिसलं की जोड्या लावत बसायचं नाही. पर्यायी सोय लागू झाली, असं लिहून मोकळं व्हायचं.

मंगळवारी रात्री ताईने तसं लिहिलं: "वर्तुळ झालं. ५ मेपासून अ." ५ तारखेपर्यंत दोन मतं जुळली तर बदल होऊ शकतो, हेही लिहिलं. इथून पुढे वाद घालायला कुणाला कारण राहत नाही. नवी माहिती आणायला मात्र सगळ्यांना कारण असतं. दादाला शाकारणी नको आहे, पण नुसतं "नको" म्हणून आता काही बदलणार नाही. गुरुवार ३० एप्रिल, त्याची सुट्टी. रात्री नऊला तो आणि ताई फोनवर बोलतात, दोघंच. सुताराला कौलांच्या दोन-तीन ओळी उघडून वासे ठोकून बघायला सांगायचं ठरतं. दोन दिवसांनी उत्तर येतं: माजघरावरचे वासे ठणठणीत, मागच्या पडवीवरचे पोकळ. मग चौथा पर्याय तयार होतो. पडवीपुरते वासे बदलायचे, बाकी शाकारणी, खर्च ४५,०००. माणशी बरोबर १५,०००, म्हणजे कुंपणाच्या आत. दादा हो म्हणतो, ताई हो म्हणते, रविवारी सकाळी धाकटीचं "चालेल" येतं. तिचं आलं नसतं तरी दोन मतं झालेलीच होती. ताई सुताराला निरोप देते.

त्या गुरुवारच्या फोनचं टिपण दोन ओळींत ग्रुपवर पडलं पाहिजे, त्याच रात्री. दोघं बोलली आणि तिसरीला चार दिवसांनी वहिनीकडून कळलं, तर निर्णय कितीही बरोबर असो, पुढचा प्रश्न विचाराल तेव्हा "थांबा" येणारच.

पुन्हा अडलं तर

काही महिने वापरल्यावर जी बिघाडं दिसतात, त्यातलं पहिलं म्हणजे तेच दोघं दर वेळी एकीकडे आणि तिसरा कायम एकटा. मागचे चार-पाच निर्णय ग्रुपवर वर जाऊन बघा, हे लगेच दिसतं. अशा वेळी प्रश्न मांडायचं काम त्या तिसऱ्याकडे द्या. पर्याय कोणते आणि पर्यायी सोय कोणती हे मांडणाऱ्याच्या हातात असतं, आणि ती ताकद मताहून मोठी आहे. तेवढ्याने भागलं नाही, तर वर्षातून एक पक्का नकार प्रत्येकाला द्या. एकदा वापरला की संपला. माणसं तो जपून ठेवतात आणि बहुधा वापरतच नाहीत.

दुसरं बिघाड म्हणजे पर्यायी सोयच वारंवार चालू होणं. लागोपाठ तीन वेळा तसं झालं, तर दोन शक्यता. ती सोय सगळ्यांना मनातून पसंत आहे, मग तोच निर्णय समजा आणि विचारणं बंद करा. किंवा ती एकालाच सोयीची आहे आणि तो मुदत टळू देतो आहे. दुसरी शक्यता वाटली तर पुढच्या वेळी अशी सोय निवडा जी तिघांनाही थोडी टोचेल. घर बंद ठेवायचं की भाड्याने द्यायचं हा प्रश्न असेल, तर "ठरेपर्यंत बंद" ही सोय ज्याला भाडेकरू नको आहे त्याचा विजयच आहे.

झालेला निर्णय पुन्हा उघडायची खोडही लागते. "मी तेव्हा असतो तर..." याला उत्तर एकच: नवी माहिती असेल तर उघडू, नवं मत असेल तर नाही. सुताराने दाखवलेला पोकळ वासा ही नवी माहिती. मेव्हण्याचं म्हणणं हे मत.

आणि एक किरकोळ पण हमखास चूक. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपली बदलत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात कॅलिफोर्नियाचं अंतर साडेतेरा तास होतं आणि सकाळी नऊचा फोन तिथे साडेआठऐवजी साडेसातला वाजतो, जेवणाच्या ताटावर. मुदतीचा मजकूर जुना उचलून चिकटवलात, तर त्यातली दुसरी वेळ तासाने चुकते.

राहिला प्रश्न हा नियम मान्य कसा करून घ्यायचा, कारण त्यासाठीही तिघं हवेतच. फोन नको. चार ओळी ग्रुपवर टाका आणि "या एकाच निर्णयापुरतं" असं लिहून तिघांचा लेखी होकार मागा. इथे मात्र तीनही होकार लागतात, गप्प बसणं चालत नाही. पहिला प्रश्न मुद्दाम हलका घ्या: घरपट्टी या वर्षी कुणी भरायची आणि हिशेब कधी करायचा, किंवा परड्यातल्या फणसाच्या वाळक्या फांद्या आता तोडायच्या की दिवाळीनंतर. छपरावर नियमाची पहिली परीक्षा घेऊ नका.